समारोपाच्या भाषणात दुभाष्यांचे आणि अनुवादकांचे आभार कसे मानावेत

आंतरराष्ट्रीय परिषदेच्या समारोपात दुभाष्यांच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येतं, तेही हॉलची व्यवस्था आणि ध्वनियंत्रणा यांच्या मधे कुठेतरी कोंबलेलं. भाषणं लिहून देणारे सांगतात, "दोन चांगली विशेषणं घाला, टाळ्या वाजतील." टाळ्या वाजतात, पण काचेच्या बंद बूथमध्ये बसून हेडफोनवाटे भाषांतर ऐकवणाऱ्या माणसापर्यंत आभार पोहोचतातच असं नाही. इथली खरी अडचण अशी, की ज्यांचे आभार मानायचे तेच त्या क्षणी तुमचं वाक्य दुसऱ्या भाषेत बोलत असतात.

तयारी आदल्या दिवशी उरकते. दुभाष्यांच्या समन्वयकाला विचारून घ्या: कोणत्या भाषांचे बूथ आहेत, कुणी ऑनलाइन काम करतंय का, सांकेतिक भाषेचे दुभाषे आहेत का, कागदपत्रं कुणी अनुवादित केली. नावं घ्यायची असतील तर आधी त्यांची परवानगी घ्या. मी शक्यतो नावं टाळते आणि भाषेनुसार उल्लेख करते, कारण यादीतून एक नाव राहिलं तर बाकी सगळ्यांचे आभार वाया जातात.

जागा ठरवताना एकच नियम: आभार अगदी शेवटी ठेवू नका. शेवटच्या मिनिटाला प्रतिनिधी हेडफोन काढून पिशव्या आवरत असतात. शिवाय दुभाष्यांची वेळ मोजून ठरलेली असते. संयुक्त राष्ट्रांत दुभाष्यांच्या सोयीसह चालणारी बैठक साधारण 3 तासांची असते आणि ती लांबली की अध्यक्षांना त्यांच्याकडे वाढीव मिनिटं मागावी लागतात. तुमच्या परिषदेत अशी मिनिटं मागितली गेली असतील, तर आभारात तेवढा उल्लेख जरूर करा. तो खरा असतो आणि सभागृहाने पाहिलेला असतो. यजमानांचे आभार मानण्याआधीची जागा सर्वात चांगली, कारण तेव्हा हेडफोन अजून कानावर असतात.

आता अवघड टप्पा. मलाही याच ठिकाणी जास्त वेळ लागायचा, आणि सगळा गोंधळ एका सर्वनामात होता.

वक्ता भावनेच्या भरात बूथकडे वळतो आणि म्हणतो, "तुम्ही अप्रतिम काम केलंत." दुभाषी वक्त्याच्या जागी उभी राहून बोलते, 'मी'ला 'मी' आणि 'तुम्ही'ला 'तुम्ही' म्हणते. त्यामुळे फ्रेंच ऐकणाऱ्या प्रतिनिधीच्या कानात "तुम्ही अप्रतिम काम केलंत" एवढंच पडतं. तो समजतो, हे आपल्यालाच उद्देशून आहे. तो मान डोलावतो आणि बिचारी दुभाषी स्वतःचीच स्तुती त्याच्या नावावर जमा करून पुढे जाते. म्हणून बूथशी बोलू नका. सभागृहाशी बोला आणि दुभाष्यांचा उल्लेख तृतीयपुरुषी करा: "मागच्या बूथमधल्या दुभाष्यांनी…"

वळण्याचा दुसरा तोटा आणखी सरळ आहे. बूथ ध्वनिरोधक असतं आणि आत फक्त मायक्रोफोनवाटे आवाज जातो. तुम्ही बाजूच्या बूथकडे मान वळवली आणि तोंड मायक्रोफोनपासून दूर गेलं, की नेमकं आभाराचं वाक्य बूथमध्ये ऐकूच येत नाही. हाताने दाखवा, तोंड मायक्रोफोनपाशीच ठेवा.

मग वेळेचं गणित. एकाच वेळी चालणारं भाषांतर तुमच्यापेक्षा काही सेकंद मागे असतं. समजा तुम्ही स्पॅनिशमध्ये बोलताय आणि अरबी बूथमध्ये स्पॅनिश जाणणारं कुणी नाही. तो बूथ इंग्रजी बूथचं ऐकून अरबीत बोलणार, म्हणजे उशीर जवळपास दुप्पट. स्पॅनिश समजणारे लगेच टाळ्या वाजवतात, इतर गोंधळून बघत राहतात, टाळ्यांचा आवाज तुमच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि त्यात तुमचं पुढचं वाक्य बुडतं. बूथला ते वाक्य मिळालंच नाही, तर ते कुणालाच मिळत नाही. उपाय कंटाळवाणा आहे, पण तो चालतो: वाक्य संपवा, मनात पाचपर्यंत मोजा, टाळ्या थांबेपर्यंत एक अक्षरही बोलू नका.

विशेषणं कमी करा. 'अतुलनीय', 'जादुई', 'संस्कृतींचे सेतू' असं स्वतःविषयी स्वतःच्याच तोंडाने बोलायला लागणं दुभाष्यांना अवघड होतं. घडलेली गोष्ट सांगितली, तर ती कुठल्याही भाषेत सहज बोलता येते. "आता ते माझ्याबद्दल काय बोलतायत देव जाणे" हा विनोद तर करूच नका. त्यांनी तो हजारदा ऐकलेला असतो, आणि वर तो त्यांनाच भाषांतरित करावा लागतो.

बंद दाराआडच्या वाटाघाटींचा किस्साही सांगू नका. दुभाष्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे 1953 मध्ये स्थापन झालेल्या एआयआयसीच्या, आचारसंहितेत गुप्ततेचं बंधन अगदी सुरुवातीलाच आहे. "मध्यरात्री दुभाषीने अमुक मुद्दा सावरला" असं कौतुक करून तुम्ही तिलाच अडचणीत आणता. सगळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा.

तीन दिवसांची आणि चार भाषांची परिषद धरली, तर मजकूर असा असेल:

"इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि अरबी बूथमधल्या दुभाष्यांनी तीन दिवस आपल्याला एकमेकांचं ऐकू दिलं. (थांबा.) काल दुपारी वेळ संपली होती, तरी ते चर्चा संपेपर्यंत बसून राहिले. (थांबा.) आणि आपल्या हातातला हा अंतिम मसुदा रात्रीतून चारही भाषांत तयार झाला. तो तयार करणारे अनुवादक या सभागृहात नाहीत. (थांबा.) या सगळ्यांसाठी, कृपया मागे वळून, हात उंचावून टाळ्या वाजवूया."

शेवटचं वाक्य मी सोडत नाही. काचेआडच्या माणसाला टाळ्या अंधुकच ऐकू येतात, पण वर उचललेले हात दिसतात. सांकेतिक भाषेचे दुभाषे असतील तर बधिर प्रतिनिधीही हात हलवून सहभागी होतात. ऑनलाइन दुभाषे असतील तर कॅमेरा सभागृहावर फिरवायला सांगून ठेवा.

अनुवादकांसाठी वेगळं वाक्य लागतंच. बरेच वक्ते दोघांना एकाच शब्दात गुंडाळतात. दुभाषे बोलतात, अनुवादक लिहितात, आणि लिहिणारे समारोपाला बहुधा नसतातच. म्हणून त्यांचा उल्लेख हातातल्या कागदाच्या आधाराने करा आणि नंतर तो मजकूर समन्वयकामार्फत त्यांना पाठवून द्या.

हा मजकूर भाषणाच्या किमान तासभर आधी बूथमध्ये द्या. "आश्चर्याचा धक्का द्यायचाय" म्हणून लपवून ठेवणारे असतात. त्या धक्क्याचा परिणाम एवढाच, की तयारी नसलेली दुभाषी अडखळते. दुभाषे आलटून पालटून साधारण अर्ध्या तासाने बोलतात, त्यामुळे मोकळा असलेला साथीदार बाहेर गेलेला असू शकतो. त्यालाही त्या वेळी आत थांबायला समन्वयकाकरवी सांगा.

टाळ्यांनंतर लगेच सभा संपली असं जाहीर करू नका. बरेचदा बूथमधून आपापल्या वाहिनीवर "दुभाषेही अध्यक्षांचे आभारी आहेत" असं एक वाक्य येतं. ते पूर्ण होईपर्यंत वाहिन्या बंद करू नका, असं तंत्रज्ञाला आधीच बजावून ठेवा.