‘वॉन्ट हर टू स्टडी’: गाळलेल्या जागेत ‘शी’ का बसत नाही

इंग्रजीच्या परीक्षेत असा प्रश्न हमखास असतो: ‘हर पेरेन्ट्स वॉन्ट ____ लॉ.’ शेजारी कंसात ‘शी, स्टडी’ दिलेलं असतं. बरेच मराठी विद्यार्थी ‘दॅट शी स्टडीज’ किंवा ‘शी टू स्टडी’ लिहून मोकळे होतात. उत्तर आहे ‘हर टू स्टडी’. अडव्हाइज, अलाउ, एक्स्पेक्ट, वॉन्ट, टेल, आस्क, रिमाइंड, वॉर्न या क्रियापदांची रचना एकच: क्रियापद, मग ज्याने ते काम करायचं ती व्यक्ती कर्माच्या रूपात, मग ‘टू’ आणि क्रियापदाचं मूळ रूप.

गंमत म्हणजे ही रचना मराठीला परकी नाही. ‘आईने मला थांबायला सांगितलं’ या वाक्यात ‘मला’च्या जागी ‘मी’, ‘थांबायला’च्या जागी ‘टू वेट’ ठेवा, इंग्रजी वाक्य तयार. (इथला ‘मी’ इंग्रजीतला, म्हणजे ‘आय’चं कर्मरूप.) म्हणून ‘टेल’ आणि ‘आस्क’ला फारशा चुका होत नाहीत. चुका होतात त्या वॉन्ट आणि एक्स्पेक्टला, कारण तिथे मराठी वेगळ्या वाटेने जाते: ‘तिने वकिली शिकावी अशी आईवडिलांची इच्छा आहे.’ इथे ‘तिला’ नाही आणि ‘शिकायला’ही नाही. ‘तिने’ दिसलं की हात आपोआप ‘शी’ लिहितो, ‘अशी’ दिसलं की ‘दॅट’. त्यामुळे या दोन क्रियापदांपाशी मराठी वाक्य मनात बनवूच नका. थेट विचारा: काम कोण करणार? शी. तिचं कर्मरूप? हर. पुढे? टू स्टडी.

‘दॅट’बद्दल एक बारकावा. ‘आय एक्स्पेक्ट दॅट ही विल कम’ हे वाक्य बरोबरच आहे, ‘अडव्हाइज’नंतरही ‘दॅट’ येऊ शकतं. ‘वॉन्ट’नंतर मात्र ‘दॅट’ची वाक्यरचना चालत नाही. परीक्षेत जागेआधी ‘दॅट’ छापलेलं नसेल आणि कंसात माणूस व काम दोन्ही दिले असतील, तर ‘टू’वालीच रचना अपेक्षित आहे असं धरा.

आता काळ. ‘वुई डिडन्ट एक्स्पेक्ट ____ सो अर्ली’, कंसात ‘दे, अराइव्ह’. वाक्य भूतकाळी आहे म्हणून ‘देम टू अराइव्ह्ड’ लिहिणारे पुष्कळ. काळ पहिल्या क्रियापदाने (इथे ‘डिडन्ट’ने) दाखवून झाला, ‘टू’नंतर एस, ईडी, आयएनजी काहीच लागत नाही. बरोबर उत्तर ‘देम टू अराइव्ह’.

नकार कुठे ठेवायचा, इथे अर्थच बदलतो. ‘द डॉक्टर अडव्हाइज्ड हिम नॉट टू ड्राइव्ह’ म्हणजे गाडी चालवू नको असा सल्ला दिला. ‘द डॉक्टर डिडन्ट अडव्हाइज हिम टू ड्राइव्ह’ म्हणजे चालव असा सल्ला दिला नाही, एवढंच. कंसात ‘ही, नॉट, ड्राइव्ह’ असेल तर ‘नॉट’ बरोबर ‘टू’च्या आधी: ‘हिम नॉट टू ड्राइव्ह’. ‘टू नॉट ड्राइव्ह’ बोलण्यात ऐकू येतं, पण उत्तरपत्रिकेत टाळलेलं बरं.

सगळ्यात जास्त गुण जातात ते अलाउ आणि अडव्हाइजवर. या दोन क्रियापदांसमोर माणूस आहे का ते पाहून पुढच्या क्रियापदाचं रूप बदलतं. हॉस्टेलच्या नियमाचं एकच वाक्य तीन प्रकारे पाहा:

‘द हॉस्टेल डझन्ट अलाउ स्टुडन्ट्स टू कुक.’ माणूस आहे, म्हणून ‘टू कुक’.

‘द हॉस्टेल डझन्ट अलाउ कुकिंग.’ माणूस गाळला, म्हणून ‘कुकिंग’. इथे ‘अलाउ टू कुक’ चूक.

‘स्टुडन्ट्स आर नॉट अलाउड टू कुक.’ माणूस पुढे कर्त्याच्या जागी गेला, पण वाक्यात आहेच. म्हणून पुन्हा ‘टू कुक’.

तिसऱ्या वाक्यात ‘अलाउड’ला लागून माणूस दिसत नाही, म्हणून विद्यार्थी ‘कुकिंग’ लिहितात. अलाउडच्या आधी ‘आर’, ‘इज’, ‘वॉज’ असेल तर डावीकडे बघायचं, माणूस तिथे सापडतो. वॉन्टचं याच्या उलट: ते एकटंही ‘टू’ घेतं. ‘आय वॉन्ट टू गो’ म्हणजे मीच जाणार, ‘आय वॉन्ट हर टू गो’ म्हणजे ती जाणार.

पर्याय देणाऱ्या प्रश्नांत परीक्षक काही पाहुणे मुद्दाम मिसळतात. लेट आणि मेक माणूस घेतात पण ‘टू’ घेत नाहीत: ‘शी मेड अस वेट.’ (मात्र ‘वुई वेअर मेड टू वेट’.) सजेस्ट आणि होप ही रचना घेतच नाहीत. ‘ही सजेस्टेड मी टू अप्लाय’ हे वाक्य आपल्याकडच्या ऑफिसांतल्या ईमेलमध्ये सर्रास दिसतं, तरी परीक्षेत चूकच. तिथे ‘सजेस्टेड’ खोडून ‘अडव्हाइज्ड’ केलं की बाकीचं वाक्य जसंच्या तसं बरोबर ठरतं.