भेळेच्या एका प्लेटचे कॅलरी आणि मॅक्रो कसे काढायचे

भेळ म्हणजे कुरमुरे, आणि कुरमुरे म्हणजे हलकं खाणं, हा हिशोब बहुतेकांच्या डोक्यात पक्का असतो. कुरमुरे हलके असतात हे खरं, पण प्लेटमधल्या निम्म्याहून जास्त कॅलरी शेव, पुरी आणि शेंगदाण्यांतून येतात. त्यामुळे कॅलरी आणि मॅक्रो, म्हणजे कर्बोदकं, मेद आणि प्रथिनं, मोजायचे तर काटेकोरपणा तिथे हवा.

लागतं काय? एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. वाटी-चमच्याच्या मापावर इथे विसंबू नका. तीस ग्रॅम कुरमुऱ्यांनी मोठा वाडगा भरतो, आणि वीस ग्रॅम शेव मुठीत मावते. कॅलरी मात्र दोन्हींच्या जवळपास सारख्याच.

काट्यावर रिकामं भांडं ठेवून आकडा शून्य करा. कुरमुरे घाला, वजन लिहा, पुन्हा शून्य करा, मग पुढचा जिन्नस. हे सगळं कालवायच्या आधी करायचं, कारण एकदा चटणी पडली की काय किती होतं ते वेगळं काढता येत नाही. शेव वरून भुरभुरायची असली तरी आधी वेगळ्या वाटीत मोजून ठेवा. शेवटी सवयीने पडणारी जादा चिमूट हिशोबात येत नाही ती इथेच.

आता घरची एक मध्यम प्लेट घेऊ. आकडे अंदाजे आहेत.

कुरमुरे ३० ग्रॅम: ११० कॅलरी. त्यात कर्बोदकं २४ ग्रॅम, मेद जवळजवळ नाहीच. बारीक शेव २० ग्रॅम: ११५ कॅलरी, मेद साडेसात ग्रॅम. चुरलेल्या चार चपट्या पुऱ्या, वजन २० ग्रॅम: १०० कॅलरी, मेद ५ ग्रॅम. भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम: ५५ कॅलरी, मेद पुन्हा ५. उकडलेला बटाटा ४० ग्रॅम: ३५. कांदा-टोमॅटो मिळून १५. गोड चटणी ३५ ग्रॅम: ५५. तिखट चटणी जेमतेम ५.

बेरीज ४९०. कर्बोदकं सुमारे ७३ ग्रॅम, मेद १८, प्रथिनं दहा-साडेदहा. पडताळा सोपा आहे: कर्बोदकं आणि प्रथिनं यांना ४ ने गुणा, मेदाला ९ ने, आणि मिळवा. उत्तर ४९०च्या आसपास आलं पाहिजे. शंभराचा फरक पडला तर बहुधा शेवेच्या पाकिटावरचा 'एका सर्व्हिंगचा' आकडा शंभर ग्रॅमचा म्हणून धरला गेलेला असतो.

गोड चटणीला थोडा वेळ द्यावा लागतो, कारण घराघरात ती वेगळी असते. पातेलं रिकामं असताना त्याचं वजन लिहून ठेवा. समजा १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बिनबियांचा खजूर आणि ५० ग्रॅम चिंच घेतली. गुळाच्या साधारण ३८५ कॅलरी, खजुराच्या २८५, चिंचेच्या १२० धरल्या तर ७९० होतात. चटणी शिजवून, गाळून, थंड करून पातेल्यासकट तोला आणि पातेल्याचं वजन वजा करा. ५०० ग्रॅम उरली असेल तर शंभर ग्रॅमला साधारण १६० कॅलरी. गाळणीत राहिलेल्या चोथ्यामुळे हा आकडा किंचित जास्त धरला जातो, चालेल. पण तीच चटणी आटवून ३५० ग्रॅमवर आणली तर शंभर ग्रॅमला २२५ होतात. म्हणून 'दोन चमचे चटणी' एवढ्यावर भागत नाही, ती किती दाट आहे हेही बघावं लागतं.

पुऱ्या घरी तळत असाल तर तेल कढईसकट तळण्याआधी आणि गार झाल्यावर तोला. जो फरक येईल तेवढं तेल पुऱ्यांनी प्यायलं, असं धरा. थोडं उडतं, थोडं झाऱ्याला लागतं, पण अंदाज बरा येतो. मैदा-रव्याच्या कॅलरीत ग्रॅममागे ९ प्रमाणे ते तेल मिळवून एकूण पुऱ्यांच्या संख्येने भागा.

गाडीवरच्या भेळेत मुख्य गडबड शेवेची. २० ग्रॅमऐवजी ३५ पडली की ८५ कॅलरी वाढल्या. पार्सल घेताना शेव वेगळी बांधून मागा, म्हणजे घरी तोलता येते. पुण्या-कोल्हापूरकडच्या भेळेत फरसाण असतं, त्याला शेवेचाच भाव लावा. कॅलरी कमी करायच्या तर कुरमुऱ्यांना हात लावू नका. पुऱ्या काढल्या की थेट १०० कमी होतात. शेव निम्मी केली की ५५ जातात, आणि भेळ तरी भेळच राहते.

पाणीपुरीला हीच रीत. सहा पुऱ्या रिकाम्या तोला, त्या २५-३० ग्रॅम भरतात, म्हणजे १२५ ते १५० कॅलरी. रगडा किंवा बटाटा वेगळा मोजा. तिखट पाण्याचा हिशोब सोडून दिलात तरी चालेल, गोड पाण्याचा मात्र धरा, कारण त्यात गूळ असतो.