घसारा आणि बँकेतली शिल्लक: या चुका टाळा

भोसरी, पुणे

आदरणीय मॅडम,
स.न.वि.वि.

सोमवारच्या बैठकीत तुम्ही विचारलंत, "घसाऱ्याचे साडेनऊ लाख गेले कुठे?" तिथे घाईत उत्तर दिलं असतं तर घोळ वाढला असता, म्हणून लिहून देतो.

ते कुठेच गेले नाहीत. गेले ते दीड कोटी, गेल्या एप्रिलमध्ये सीएनसी मशीन घेतली त्या दिवशी. मशीन पंधरा वर्षं चालेल असं धरून, शेवटची ५ टक्के किंमत, म्हणजे साडेसात लाख, बाजूला ठेवली. उरलेले १४२.५ लाख पंधरा वर्षांवर वाटले की वर्षाला साडेनऊ लाख येतात. दरवर्षीची नोंद अशी असते: घसारा खाते नावे, संचित घसारा खाते जमा. दोन्हीकडे बँकेचं नाव नाही. पैसे बाहेर जायचे तर बँक खातं जमा व्हावं लागतं.

पहिली चूक इथेच होते. ताळेबंदातला 'संचित घसारा' हा नव्या मशीनसाठी साठवलेला निधी वाटतो. तो फक्त मशीनच्या किमतीतून वजा होणारा आकडा आहे. नव्या मशीनसाठी पैसे हवे असतील तर मुदत ठेव वेगळी करावी लागते; आपण ती केलेली नाही.

दुसरी चूक जरा फसवी. रोख प्रवाह पत्रकात घसारा नफ्यात मिळवलेला दिसतो, त्यामुळे घसारा पैसे आणतो असा समज होतो. घसाऱ्याआधीचा आपला नफा ४० लाख होता. साडेनऊ वजा केले, साडेतीस उरले. पत्रकात तेच साडेनऊ परत मिळवले, पुन्हा ४०. घसारा एकोणीस लाख धरून बघा: नफा २१, मिळवा १९, तरीही ४०च.

मग बँकेत चौदाच लाख का वाढले? कर आणि कर्जाचे हप्ते तूर्त बाजूला ठेवून आकडे सांगतो. ग्राहकांकडची येणी १८ लाखांनी वाढली आणि साठा ८ लाखांनी. ४० मधून २६ गेले. नफा आणि बँक जुळत नसतील तर घसारा मिळवून झाल्यावर आधी येणी आणि साठा तपासा. दोष बहुधा तिथेच सापडतो. आपल्याकडे तो नव्वद दिवसांच्या उधारीत आहे, आणि त्याबद्दल विक्री विभागाशी माझं जुनं भांडण आहे.

एक अपवाद मात्र आहे: आयकर. कर वाचला की पैसा खरोखर वाचतो. पण तिथे चालतो तो आयकर कायद्याचा घसारा, पुस्तकातला नव्हे. आपल्या मशीनला दर १५ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी साडेबावीस लाख. तीच मशीन १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असती तर निम्माच मिळाला असता. म्हणून पुढची मशीन मार्चमध्ये घाईने घ्यायची का, हे आधी माझ्याशी बोलून ठरवा.

आपला,
वित्त व्यवस्थापक