गेम सर्व्हरच्या आउटबाउंड डेटाचा महिन्याचा अंदाज: माझा अनुभव

क्लाउडवर माइनक्राफ्ट सर्व्हर ठेवायचा होता, पण महिन्याला बाहेर किती डेटा जाईल ते कळेना, म्हणून प्लॅन ठरेना. आधी पोर्टच्या स्पीडला महिन्याच्या सेकंदांनी गुणलं, तर आकडा हजारो जीबीत गेला. मग पॅनेलवरचा आलेख धरला, त्यात आत येणारा डेटाही मिसळलेला होता. दोन आठवडे यातच गेले, फार वैताग आला.

शेवटी तासावर भाड्याचं मशीन घेऊन प्रत्यक्ष मोजलं. खेळ सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, बाहेर गेलेल्या बाइट्सचा हा आकडा टिपला:

```
cat /sys/class/net/eth0/statistics/tx_bytes
```

`eth0` च्या जागी आपल्या इंटरफेसचं नाव घाला, ते `ip route` मध्ये `dev` नंतर दिसतं. मध्ये मशीन रीस्टार्ट करू नका, मोजणी शून्यावर येते.

आम्ही सहा जण दोन तास खेळलो, म्हणजे 12 खेळाडू-तास. फरक 1.2 जीबी, म्हणून खेळाडू-तासाला 100 एमबी. रोज सहा जण तीन तास धरले तर महिन्याला 540 खेळाडू-तास, म्हणजे 54 जीबी.

खरी चूक पुढे सापडली. रोज रात्री 2 जीबीचा बॅकअप मी घरी उतरवणार होतो. ते 60 जीबी, खेळापेक्षाही जास्त! बॅकअप आठवड्यातून एकदा केल्यावर एकूण साधारण 63 जीबी उरले. त्यातून प्लॅनमधले मोफत जीबी वजा करून उरलेल्याला दराने गुणलं.

चाचणीत नवा प्रदेश जरूर धुंडाळा. एकाच जागी बसून मोजलं तर आकडा फसवा, कमी येतो.