लाकूड फोडायचं हायड्रॉलिक मशीन सुस्त चालतंय? मोठा सिलिंडर घेण्याआधी या चुका टाळा

नागपूरच्या लकडगंजातल्या वखारींत आणि आसपासच्या आरा मशीनवर जळाऊ लाकूड फोडायला आता इंजिनवर चालणारी हायड्रॉलिक मशीनं दिसतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "भाऊ, मशीन लय सुस्त चालून राहिली, आन् बाभळीची गाठ आली की अडकते." एका वाक्यात इथे दोन वेगळे आजार आहेत. सुस्तपणा तेलाच्या फ्लोशी जोडलेला आहे, अडकणं जोराशी. दोन्हींवर एकच औषध करायला गेलं की पैसे वाया जातात.

अशाच एका मशीनचा हिशोब मांडतो. १० एचपीचं डिझेल इंजिन, १५०० आरपीएम, त्याला थेट कपलिंगने जोडलेला ११ सीसीचा गिअर पंप. सिलिंडरचा बोअर १०० मिमी, रॉड ५० मिमी, स्ट्रोक ६०० मिमी. जादा प्रेशर टाकीकडे सोडणारा रिलीफ वॉल्व २०० बारवर लावलेला.

पंप एका फेऱ्यात ११ सीसी तेल देतो, म्हणजे मिनिटाला साडेसोळा लिटर. आतली थोडी गळती वजा करता हातात साडेपंधरा पडतात. पिस्टनचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, म्हणून पूर्ण पुढे जायला ४.७ लिटर तेल लागतं. मागे येताना रॉडने जागा व्यापलेली असते, तिथे साडेतीन लिटर पुरतं. जायला १८ सेकंद, यायला १४, एकूण ३२ सेकंद. जोर २०० बारवर जवळपास १६ टन.

हे मशीन बिघडलेलं नाही. ते जेवढं चालायला हवं तेवढंच चालतंय. मालकाला मात्र गाठीसाठी जास्त जोर हवा असतो, म्हणून तो पहिली चूक करतो आणि १२५ मिमी बोअरचा सिलिंडर आणतो.

कागदावर जोर २५ टन होतो. पण पिस्टनचं क्षेत्रफळ दीडपटीहून वाढलं आणि पंप तोच राहिला. ६० मिमी रॉड धरला तरी जाण्या-येण्याला मिळून १३ लिटर तेल लागतं. ३२ सेकंदांची फेरी ५० सेकंदांवर जाते. प्रत्येक ओंडक्यामागे १८ सेकंद जास्त, आणि सरळ रेषेच्या ओंडक्याला तर तो वाढीव जोर कधी लागतच नाही.

मग दुसरी चूक येते, आणि ही जास्त महागात पडते. वेग परत आणायला दुप्पट पंप बसवतात, २२ सीसीचा. आता फ्लो ३३ लिटर. पण पंपाला लागणारी ताकद बघा: प्रेशर (बार) गुणिले फ्लो (लिटर प्रति मिनिट), भागिले ६००, उत्तर किलोवॅटमध्ये. वर पंपाचं नुकसान धरायला ०.८५ ने भागा. जुन्या पंपाला २०० बारवर साधारण साडेसहा किलोवॅट लागत होते. १० एचपी म्हणजे साडेसात किलोवॅट, त्यामुळे इंजिन ते सोसत होतं. नव्या पंपाला तेरा किलोवॅट, म्हणजे १७ एचपी हवेत. ते इंजिनात नाहीतच. ११५ बारच्या आसपास इंजिन काळा धूर सोडतं आणि बसायला लागतं. रिलीफ वॉल्व २०० वर लावलेला असला तरी तिथपर्यंत प्रेशर पोचतच नाही.

११५ बारवर १२५ मिमीचा सिलिंडर किती जोर देतो? साधारण १४ टन. म्हणजे नवा सिलिंडर आणि नवा पंप घेऊनही जोर जुन्या मशीनपेक्षा कमी झाला, आणि फेरी ३२ वरून २५ सेकंदांवर आली, एवढंच पदरात पडलं. या अवस्थेत कुणी रिलीफ वॉल्वचा स्क्रू कसू नका. अडचण इंजिनाची आहे, वॉल्व घट्ट करून इंजिनात एचपी वाढत नाही. होज आणि सील मात्र धोक्यात येतात.

माझं ठाम मत आहे की या इंजिनावर १०० मिमीचा सिलिंडरच ठेवावा आणि पंप दोन टप्प्यांचा घ्यावा. समजा मोठा भाग २२ सीसी आणि लहान ८ सीसी. मोकळ्या चालीत दोन्ही भाग तेल देतात, प्रत्यक्षात मिनिटाला ४२ लिटर. प्रेशर ४० बारच्या वर गेलं की मोठा भाग टाकीकडे मोकळा सुटतो आणि लहान भाग ११ लिटर देत २०० बारपर्यंत नेतो, साडेसहा एचपीच्या आतबाहेर. ओंडक्यात पाचर शिरल्यावर खरा जोर पहिल्या १५ सेंटिमीटरला लागतो असं धरलं, तर जलद चाल ५ सेकंद, जोराची ६, परत येणं ५. फेरी १६-१७ सेकंदांत संपते, जोर तोच १६ टन. याउलट, पीळ असलेल्या गाठाळ बाभळीत पूर्ण स्ट्रोकभर प्रेशर टिकलं, तर हेच मशीन पुन्हा ३० सेकंदांवर येईल. तुमच्याकडे बहुतांश माल असाच असेल, तर मोठं इंजिनच घ्यावं लागेल.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. मागे येताना पंप ४२ लिटर तेल रॉडच्या बाजूला ढकलतो, पण दुसऱ्या बाजूने टाकीकडे ५६ लिटरच्या वेगाने तेल बाहेर पडतं, कारण तिथे क्षेत्रफळ जास्त आहे. रिटर्नचा पाइप जुनाच अर्ध्या इंचाचा ठेवला, किंवा वॉल्व आणि फिल्टर ४० लिटरचे असले, तर मागे दाब साचतो. तो चाळीस बार ओलांडायला लावतो आणि पंप स्वतःहून कमी फ्लोवर जातो. खूण अगदी स्पष्ट असते: मोकळं मशीन पुढे झपाट्याने जातं आणि मागे रेंगाळत येतं. सीलवर संशय घेण्याआधी रिटर्न लाइन एक इंची करून बघा. सक्शनला या फ्लोसाठी सव्वा इंचाचा पाइप लागतो. तो बारीक असेल तर पंप कर्कश ओरडतो, खडी भरल्यासारखा आवाज येतो, आणि पंप आतून खाल्ला जातो.

मशीन आधी नीट होतं आणि नंतर सुस्त झालं असेल, तर तपास वेगळा. लाकूड न लावता घड्याळ लावून पूर्ण चाल मोजा. सिलिंडरचे लिटर भागिले सेकंद गुणिले ६०, हा तुमचा खरा फ्लो. सकाळी थंड तेलावर आणि दुपारी तापलेल्या तेलावर, दोन्ही वेळा मोजा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टाकीतलं तेल त्याहून बरंच गरम होतं आणि पातळ पडतं. दुपारी फ्लो फार घसरत असेल, तर पंप झिजलेला आहे किंवा तेल हलकं आहे. उन्हाळ्यात व्हीजी ४६ ऐवजी ६८ ग्रेड भरून पुन्हा मोजा.

मोकळी चाल ठीक, पण जोर लावताना सिलिंडर थांबत असेल, तर रॉड पूर्ण बाहेर नेऊन इंजिन बंद करा. लिव्हर हलवून प्रेशर सोडा. रॉडच्या बाजूचा होज सिलिंडरकडून काढा, होजचं तोंड बंद करा आणि सिलिंडरच्या उघड्या पोर्टखाली बादली धरा. मग इंजिन सुरू करून लिव्हर फक्त पुढच्या दिशेला धरा. पोर्टमधून तेलाची धार चालूच राहिली तर पिस्टन सील गेलं. थेंब पडून थांबलं आणि गेज तरीही २०० पर्यंत जात नसेल, तर रिलीफ वॉल्वच्या सीटमध्ये कचरा आहे का ते बघा, मग पंप उघडा. गळती शोधायला हात कधीच फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा; या प्रेशरची बारीक धार कातडीतून आत शिरते, आणि तसं झालं तर जखम लहान दिसली तरी त्याच क्षणी दवाखाना गाठा.