विज्ञान प्रदर्शनासाठी वैज्ञानिक परिषदेतलं पोस्टर मराठीत आणताय? या चुका टाळा

उदाहरण म्हणून सूर्यप्रकाशाने पिण्याचं पाणी निर्जंतुक करण्याचं पोस्टर घेऊ. खानापूर, निपाणीकडच्या शाळांना चालण्यासारखा विषय आहे, पण घाईत केलेल्या भाषांतराने तो हमखास बिघडतो.

सर्वांत वाईट चूक आलेखात होते. मूळ पोस्टरवर ‘थ्री लॉग रिडक्शन’ असतं आणि मराठीत ‘जिवाणू तीनपट कमी’ छापलं जातं. हे साफ चूक आहे. तीन लॉग म्हणजे तीनदा दहाने भाग. हजारातला एकच जिवाणू उरतो. शब्द सुधारले तरी चित्र फसवतंच. समजा, १०० मिलिलिटर पाण्यात १० लाख जिवाणू होते आणि १००० उरले. लॉग अक्षावर दर घराला आकडा दहापट होतो, म्हणून पहिला स्तंभ सहा घरं उंच, दुसरा तीन घरं. बघणारा म्हणणार, निम्मेच मेले की! मग साधा अक्ष घ्यावा, तर ३० सेंटिमीटरच्या स्तंभाशेजारी दुसरा ०.३ मिलिमीटरचा होतो, म्हणजे दिसतच नाही.

म्हणून स्तंभ काढून टाका. ४० आडवे, २५ उभे असे १००० ठिपके एकेक सेंटिमीटरवर काढा आणि एकच लाल रंगवा. खाली लिहा: ‘हजारातला एक उरला.’ ‘पाणी शुद्ध झालं’ लिहू नका, कारण या उदाहरणात १००० जिवाणू अजून पाण्यात आहेतच.

दुसरी चूक मजकूर छाटताना होते. संदर्भ, आभार, सांख्यिकीचा तपशील खुशाल काढा. अटींना मात्र हात लावू नका. ‘बाटली उन्हात ठेवा’ एवढंच उरलं, तर मुलं पावसाळ्यातलं मलप्रभेचं गढूळ पाणी भरून ठेवतील आणि पितील. एवढं राहायलाच हवं: दोन लिटरपर्यंतची पेट प्लास्टिकची पारदर्शक बाटली, कडक उन्हात आडवी, सहा तास, आभाळ निम्म्याहून जास्त भरलेलं असेल तर सलग दोन दिवस, सतत पाऊस असेल तर ही पद्धत नको, पाणी उकळा. गढूळपणासाठी भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवून तोंडातून खाली पाहा. अक्षरं वाचता आली नाहीत तर आधी पाणी गाळा. रासायनिक दूषण याने जात नाही, हेही एका ओळीत हवंच.

आलेखातल्या त्रुटी-रेषा, म्हणजे मोजमाप किती इकडेतिकडे असू शकतं ते दाखवणाऱ्या रेघा, समजावून सांगणार नसाल तर काढा.

आकृतीतली नावं दोन-तीन शब्दांत ठेवा. खाली कन्नड ओळ घालायला जागा राहते आणि बेळगावात ती लागतेच.

डीटीपीवाल्याला उघडी फाईल देऊ नका. त्याच्याकडे तुमचा फॉन्ट नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या.

फ्लेक्स छापण्याआधी ए-झिरो पोस्टरची ए-फोर प्रत काढा. ती लांबी-रुंदीत चौथा हिस्सा असते, म्हणून ४० सेंटिमीटरवरून पाहिली की मूळ पोस्टर १.६ मीटरवरून जसं दिसेल तसंच दिसतं. जे तिथे वाचता येत नाही, ते मोठं करा किंवा काढा.