साडीवर डेनिम जॅकेट: या चुका टाळा

थंडी पडली की जळगाव, यावल, रावेर या पट्ट्यात मळ्यामळ्यातून भरीत पार्ट्या सुरू होतात. दिवस कलला की शेतात गारठा चांगलाच झोंबतो, आणि साडीवर शाल पांघरण्याऐवजी डेनिम जॅकेट घालून आलेल्या मुली-सुना आता सर्रास दिसतात. हळदीच्या संध्याकाळी, कॉलेजच्या साडी डेला, गॅदरिंगलाही हेच. मी ब्लाउज शिवते आणि साड्या नेसवून देते, त्यामुळे हा पेहराव रोज जवळून बघायला मिळतो. जमला तर फारच सुंदर दिसतो. पण पुष्कळदा साडी जॅकेटखाली गुदमरते, नाहीतर जॅकेट साडीवर घाईत ओढून घेतल्यासारखं वाटतं.

बिघाडाची जागा बहुतेक वेळा एकच असते, ती म्हणजे डावा खांदा. पदर तिथेच पेलला जातो आणि जॅकेटचा बांधाही तिथूनच ठरतो. एका खांद्यावर दोघांचं ओझं आलं की दोघांचाही आकार जातो.

पहिली चूक: पदर कुठे राहणार हे न ठरवता नेसणं

बहुतेक जणी नेहमीसारखी साडी नेसतात, खांद्यावर पदराला पिन लावतात आणि निघताना वरून जॅकेट चढवतात. मग जॅकेटच्या आत पदराच्या सात-आठ घड्या एकावर एक दबतात. डावा खांदा फुगतो, उजवा सपाट राहतो आणि जॅकेट एका बाजूला कलतं. आरशात समोरून हे लवकर लक्षात येत नाही. मागून फोटो काढून बघा. कॉलर मानेच्या बरोबर मधोमध नसेल, एका बाजूला सरकली असेल, तर आत पदराचं गाठोडं झालेलं आहे.

यावर दोन पद्धती आहेत. त्यातली एक साडीला हात लावण्याआधीच निवडायची.

पहिली पद्धत, पदर जॅकेटच्या आत. यात पदराच्या घड्या एकावर एक न रचता पायरीसारख्या सरकत्या घ्यायच्या, म्हणजे खांद्यावर जाडी एका जागी न साचता चार-पाच इंचांत पसरते. पिन खांद्याच्या माथ्यावर लावू नका. दोन बोटं खाली, ब्लाउजच्या पुढच्या भागावर लावा. माथ्यावर जॅकेटची खांद्याची शिवण येते, पिन तिच्याखाली आली की टोचते आणि वर उंचवटाही दिसतो. पदर मागे जॅकेटच्या खालून बाहेर पडणार, म्हणून तो नेहमीपेक्षा लांब सोडा, निदान गुडघ्याच्या मागपर्यंत. त्यासाठी एखादी निरी कमी घ्यावी लागली तरी घ्या. पदराचे काठ मागून दिसले नाहीत तर बघणाऱ्याला वाटतं खाली घागराच आहे.

दुसरी पद्धत, पदर जॅकेटच्या बाहेर. इथे जॅकेट हेच ब्लाउज. आत पातळ बिनबाह्यांचा टॉप, त्यावर जॅकेट घालून वरची बटणं लावायची, परकर बांधायचा आणि मग साडी नेसायची. पदर जॅकेटवरून डाव्या खांद्यावर जातो आणि उजवी बाही, कॉलर, खिसा मोकळे दिसतात. दोन्ही कपडे पूर्ण ओळखू येतात ते याच पद्धतीत, म्हणून मला हीच जास्त आवडते. पैठणीसारख्या भरलेल्या पदराच्या साडीला तर हीच घ्यावी. त्या साडीचं सगळं काम पदरात असतं, ते आत दडवण्यात काही अर्थ नाही. अडचण एकच, कार्यक्रम चालू असताना जॅकेट काढता येत नाही.

या पद्धतीत पिनेची काळजी घ्यावी लागते. डेनिमच्या खांद्याच्या शिवणीत कापड दुमडून दुहेरी टीप मारलेली असते, तिथे कापडाचे तीन-चार थर येतात. त्यातून सेफ्टी पिन रेटली की ती वाकते, आणि जोर लावताना साडीला भोक पडतं. शिवणीपासून बोटभर खाली एकेरी कापड असतं, तिथे पिन लावा. अजून चांगलं म्हणजे त्या जागी जॅकेटवर दोऱ्याची छोटी फास घालून घ्या, हुकाला घालतो तशी. पिन फासेतून जाते आणि जाड कापडाशी झगडावं लागत नाही.

पदर गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे घेणार असाल, तर जॅकेट राहू द्या. समोरचा सगळा भाग पदराने झाकतो, जॅकेटच्या फक्त बाह्या उरतात.

लांबीची चूक

अमळनेरकडच्या एक शिक्षिका क्रीम रंगाची महेश्वरी आणि फिकट निळं जॅकेट घेऊन आल्या होत्या. साडीला जरीचा बारीक काठ. म्हणाल्या, "ताई, दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, पण अंगावर आल्या की मी आडवी दिसते."

मोजून पाहिलं. त्यांच्या खांद्यापासून निऱ्या खोचल्या होत्या तिथपर्यंत १७ इंच आणि जॅकेट २२ इंच. म्हणजे जॅकेटचा खालचा जाड पट्टा खोचणीच्या पाच इंच खाली, बरोबर निऱ्या उमलतात तिथे दाबून बसत होता. साधं डेनिम जॅकेट जीन्सवर घालायला कापलेलं असतं, त्याचा पट्टा कुल्ह्यावर यावा हाच हेतू असतो. साडीत नेमका तिथेच घेर सुरू होतो. पट्टा घेराला आवळतो, निऱ्या बाजूला फाकतात आणि कंबर नाहीशी होते.

जॅकेटचा शेवट खोचणीच्या इंचभर वर यायला हवा, म्हणून ते १६ इंचांवर आणायचं ठरलं. पट्टा उसवून काढला, अंगाचा भाग सहा इंच कापला आणि तोच पट्टा पुन्हा वर जोडला. दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. जॅकेट खाली निमुळतं होत जातं, त्यामुळे वर कापल्यावर अंगाचा घेर पट्ट्यापेक्षा मोठा निघतो. तो चुण्या घालून बसवला की गोळा दिसतो, बाजूच्या शिवणीतूनच आत घ्यावा लागतो. आणि बाजूचे खिसे कापले जातात, तर उरलेलं तोंड आतून शिवून बंद करावं लागतं. मशीनला १६ किंवा १८ नंबरची सुई हवी, ब्लाउजच्या सुईने हे काम करायला गेलात तर ती मोडते. आधी शिंप्याला विचारा की डेनिम शिवता का, मगच कपडा द्या.

आता त्या समोर उभ्या राहिल्या तेव्हा निऱ्या वरपासून खालपर्यंत सरळ दिसत होत्या आणि जॅकेटच्या पट्ट्याची रेघ बरोबर कंबरेवर होती.

कापायचं नसेल तर जॅकेट पूर्ण उघडं ठेवा आणि पट्ट्याच्या बाजूची बटणं सैल करा. निम्मं काम होतं. खालचं एकच बटण लावून वरून उघडं ठेवणं मात्र टाळा, त्याने निऱ्यांवर सगळ्यात जास्त ताण येतो.

बाहीकडेही बघा. आत फुग्याची किंवा कोपरापर्यंतची बाही असेल तर जॅकेटच्या मुंढ्यात कापड गोळा होतं आणि हात वर जात नाही. वाढायला वाकलात की लगेच कळतं. बिनबाह्यांचा किंवा आखूड बाहीचा ब्लाउज घ्या. मोठ्या मापाचं जॅकेट घेऊन हा प्रश्न सुटत नाही, खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि पदर तिथून घसरतो.

कापडाची जोडी

सुती, लिनन, महेश्वरी या साड्यांना स्वतःचा थोडा ताठपणा असतो, त्या डेनिमच्या शेजारी टिकतात. जॉर्जेट आणि शिफॉनचा पदर जॅकेटखाली गुंडाळत जाऊन दोरी होतो. तीच साडी नेसायची असेल तर पदर बाहेर काढा. जॅकेट हलक्या डेनिमचं बघा. दुकानात वजन कुणी सांगत नाही, पण बाही हातात धरून मुठीत चुरगळता आली तर चालेल, पुठ्ठ्यासारखी ताठ राहिली तर साडीवर नको.

जरीच्या काठाला कफचं धातूचं बटण अडकतं. निऱ्या सावरताना उजवं मनगट पुन्हा पुन्हा काठावरून जातं आणि जरीची तार हळूच वर ओढली जाते. कफ एक घडी वर दुमडा, बटण घडीच्या आत जातं. ओढलेली तार कापू नका, बारीक सुईने उलट्या बाजूला घ्या.

निळे डाग

त्या शिक्षिकांनी क्रीम साडी आणली होती म्हणून हे आवर्जून सांगते. डेनिमचा निळा रंग नीळ म्हणजे इंडिगो, आणि तो सुताच्या गाभ्यात शिरत नाही, वरच्या थरातच बसतो. म्हणून तो घासून निघतो. एका धुण्यात हे थांबत नाही आणि मिठाच्या पाण्यात बुडवूनही पक्का होत नाही, कारण या रंगाचा स्वभावच तसा आहे. नव्या गडद जॅकेटचा धोका सगळ्यात जास्त, धुऊन फिकट झालेल्याचा कमी.

घालण्याआधी पांढरा रुमाल किंचित ओला करा आणि कॉलरच्या आत, कफवर आणि खालच्या पट्ट्यावर दहा-बारा वेळा जोरात घासा. रुमाल निळा झाला तर ते जॅकेट फिकट साडीवर घालायचं नाही, गडद साडीवर चालेल. धुताना उलटं करून गार पाण्यात आणि वेगळं धुवा.

एवढं करूनही डाग पडलाच तर तो बहुधा कंबरेच्या उजव्या बाजूला किंवा पदराच्या घडीवर असतो. सुती साडी असेल तर त्याच दिवशी गार पाणी आणि सौम्य साबणाने तेवढाच भाग धुवा. डाग गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री फिरवू नका. रेशीम किंवा महेश्वरी घरी चोळू नका. ड्रायक्लीनरकडे द्या आणि डाग डेनिमचा आहे हे तोंडाने सांगा, म्हणजे तो सगळी साडी एकदम न बुडवता आधी डागावर काम करतो.

हा पेहराव आपल्याकडे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा, तोही संध्याकाळचा. आखाजीच्या उन्हात, पारा चाळिशीच्या वर असताना जॅकेटच्या आत घाम धरतो, आणि ओलं डेनिम कोरड्यापेक्षा जास्त रंग सोडतं. तेव्हा हौस असेलच तर जॅकेटऐवजी बिनबाह्यांचं आखूड डेनिम जाकीट शिवून घ्या आणि पदर बाहेर ठेवा.